नव्या जोडप्याला पाळणा लांबवायचं कसं सांगायचं? माझं सांगणं कुठेतरी चुकतंय

उपकेंद्रवाली

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे, लागून आठ महिने झालेत. काल जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे लिहितेय.

आशाताईंनी एक जोडपं आणलं होतं. ती २० वर्षांची, तो २४, वैशाखात लग्न झालंय. दोघं ऊसतोडीला जातात, आता नवा कोयता म्हणजे नवी जोडी म्हणून मुकादमाची आगाऊ उचल घेतलीय आणि दसरा झाला की निघणार, ते पाडव्याच्या आसपास परत. सोबत सासूबाई पण होत्या. मी टेबलावर तक्ता उघडला आणि सगळं सांगितलं, निरोध, माला-एन आणि छाया गोळ्या, अंतरा इंजेक्शन, तांबी, मधे काही सोडलं नाही, चांगली पंधरावीस मिनिटं बोलले. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, तो दाराकडे बघत होता. शेवटी मी विचारलं ताई काही शंका? तर ती हळूच म्हणाली, "मॅडम, पर आमाला अजून एकबी लेकरू नाही, आमचं ऑपरेशन कशापायी?"

म्हणजे वीस मिनिटं ती घाबरून बसली होती की आपलं ऑपरेशन करायला आणलंय. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. त्यांना मूल हवंय पण दोन हंगाम झाल्यावर, असं आशाताईंकडून नंतर कळलं. मी ते विचारलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते दोघं परत येणार आहेत. अनुभवी लोकांनी सांगा, सुरुवात कुठून करायची, कुठले शब्द वापरायचे आणि या जोडप्याला नेमकं काय काय सांगायचं. तिचं एचबी ९.२ आहे, बीपी ११०/७०, पाळी नियमित, बाकी आजार नाही.

निवृत्त_एएनएम

बाळा तुझं सांगणं चुकलं नाही, पहिला शब्द चुकला. तू "कुटुंबनियोजन" म्हणालीस ना? आपल्याकडे खेड्यात त्या शब्दाचा अर्थ ऑपरेशन. गेल्या पन्नास वर्षांत लोकांनी कॅम्प बघितलेत, भिंतीवरचा लाल त्रिकोण बघितलाय आणि "तिचं कुटुंबनियोजन झालं" म्हणजे तिचं ऑपरेशन झालं असंच सगळे बोलतात. नवीन पोरीपुढे तो शब्द काढला की तिचे कान तिथेच बंद होतात, पुढचं तू कितीही छान सांग.

मी २९ वर्षं नोकरी केली, मी "पाळणा लांबवायचा का?" असंच विचारायचे. हा शब्द सगळ्यांना कळतो आणि त्यात पाळणा हलणारच आहे हे आधीच आलं, म्हणून सासूला पण तो टोचत नाही. आणि त्याच्याही आधी एकच प्रश्न, "पहिलं बाळ कधी हवंय?" उत्तर त्या दोघांना देऊ दे. ते "दोन हंगामांनी" म्हणाले की अर्ध्या पद्धती आपोआप बाजूला पडतात, सगळा तक्ता वाचायची गरज नाही.

आणि तक्ता टेबलावर उघडू नकोस, टेबल मधे आलं की ते ऑफिस होतं. बाकावर शेजारी बस.

शब्दवेडा

माझा आरोग्य खात्याशी संबंध नाही, भाषेत रस आहे म्हणून लिहितो. मराठीत या विषयासाठी शब्द नाहीत ही तक्रार जुनी आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढलं तेव्हा ते "संततिनियमन" म्हणत. माझ्या मते तुम्ही गर्भाशय, शरीरसंबंध, गर्भधारणा हे प्रमाण शब्दच वापरावेत, ते सभ्य आहेत आणि अचूक आहेत. बोलीतले शब्द वापरले की गैरसमज होतात.

निवृत्त_एएनएम

@शब्दवेडा सर तुमचं म्हणणं शाळेतल्या तासाला ठीक आहे हो, पण "गर्भधारणा" म्हटलं की समोरची गप्प होते, "दिवस गेले" म्हटलं की बोलायला लागते. ती बोलली तरच मला कळणार ना तिला काय समजलं. शरीरसंबंधाला मी "जवळ येणं" म्हणते, आणि एकदा खात्री करून घेते की दोघांना कळलंय मी कशाबद्दल बोलतेय, लाजून हसले की कळलं.

गर्भाशयाला मात्र "पिशवी".

ऊसतोड्याचा_पोरगा

इथे थोडं थांबवतो. माझे आईवडील २२ हंगाम ऊसतोडीला गेले, मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आपल्या जिल्ह्यात "पिशवी" हा शब्द साधा राहिलेला नाही. पिशव्या काढण्याची प्रकरणं २०१९ ला पेपरात आली, सरकारने समिती नेमली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून कोप्यांमध्ये बायका एकमेकींना सांगतच होत्या की पोटात दुखलं, अंगावरून जास्त गेलं की डॉक्टर पिशवी काढतो. माझ्या मावशीची तिशीच्या आत काढली. त्यामुळे तुम्ही त्या पोरीला "तांबी पिशवीत बसवतात" म्हणालात तर तिच्या सासूच्या मनात काय येईल याचा विचार करा.

पिशवी म्हणू नका असं मी म्हणत नाही, दुसरा शब्द नाहीच. पण त्याच वाक्यात सांगा की पिशवीला काही धक्का लागत नाही, काही कापत नाहीत, काढत नाहीत.

दुसरं, तिकडचं राहणं कसं असतं ते ध्यानात घ्या. पहाटे तीनला उठायचं, स्वयंपाक करून चारला फडात. कोपीला दार नसतं, कडी नसते, पाणी लांबून आणायचं, संडास नाही. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, त्याचे पैसे कापतात, आणि नवराबायको मिळून एक कोयता असल्यामुळे बाई बसली तर दोघांचं काम बसतं. अंगावरून आठ दिवस जास्त गेलं तर शहरातल्या बाईला त्रास होतो, फडातल्या बाईचं सगळं अडतं.

उपकेंद्रवाली

सर हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, ट्रेनिंगमध्ये तर अजिबात नाही. मी तांबीच सुचवणार होते, एकदा बसवली की सहा महिने काही बघायला नको म्हणून.

मेडिकल_स्टोअर

२० वर्षं दुकान आहे, सांगतो ते ऐका. तांबी पहिल्या बाळाआधी बसवतच नाहीत. अंतरा इंजेक्शन तर मुळीच नको, ते घेतलं की नंतर मूल होत नाही, माझ्याकडे दोन केस आहेत. सगळ्यात सोपं, ७२ तासांवाली गोळी चारसहा पाकिटं देऊन टाका, लागेल तेव्हा घेतील. आणि निरोध द्या, पण सांगा की कोपीच्या पत्र्याखाली किंवा खिशातल्या पाकिटात ठेवू नका, उन्हाने रबर खराब होतं, आणि खोबरेल तेल लावलं की फाटतं.

डॉ_ग्रामीण

@मेडिकल_स्टोअर निरोधाचं तुम्ही सांगितलंत ते शंभर टक्के बरोबर आहे, तेलाचं तर नक्की सांगावं. बाकीच्या तीन गोष्टींवर लिहितो कारण या तिन्ही मी रोज ओपीडीत ऐकतो.

तांबी पूर्वी पहिल्या बाळाआधी टाळायचे हे खरं, त्यामुळे तुमचा समज कुठून आला ते कळतं. आता तसा नियम नाही. मूल न झालेल्या बाईला बसवता येते, फक्त जंतुसंसर्ग नाही ना हे आधी तपासायचं, आणि या बायकांमध्ये ती आपोआप बाहेर पडण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं हे सांगायचं. काढली की लगेच दिवस राहू शकतात.

अंतराने वांझपण येत नाही. उशीर होतो, आणि हा उशीर आधी सांगितला नाही म्हणून ते "मूल होत नाही" असं पसरतं. शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागतात दिवस राहायला. तुमच्या दोन केसमध्ये शेवटचं इंजेक्शन कधी झालं होतं ते विचारून बघा.

आणि ७२ तासांची गोळी अशी गठ्ठ्याने देऊन "लागेल तेव्हा घ्या" म्हणणं चुकीचं आहे. ती मुख्यतः बीजांड बाहेर पडणं पुढे ढकलते. ते आधीच पडलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, आणि गोळी घेतल्यानंतर त्याच महिन्यात परत जवळ आले तर ती संरक्षण देत नाही. निरोध फाटला, गोळ्या चुकल्या अशा वेळी एक पाकीट जवळ असावं, जितक्या लवकर घेतली तितकी चांगली. रोजची पद्धत म्हणून ती कमी पडते आणि पाळीचं वेळापत्रक बिघडवते, मग बाईला कळतच नाही की पाळी चुकली की लांबली.

बाळासाहेब_६२

नमस्कार. नवऱ्याने ऑपरेशन करून घ्यावं, बायकोला कशाला त्रास. मी स्वतः बिनटाक्याची नसबंदी करून घेतली दुसऱ्या मुलीनंतर, वीस मिनिटं लागली, त्याच दिवशी घरी आलो, आठवड्याने सायकल चालवत होतो. ताकद वगैरे काही कमी होत नाही. फक्त एक सांगतो जे मला कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं, ऑपरेशन झालं म्हणजे त्याच दिवसापासून मोकळं नाही, तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. त्या जोडप्याला हे नक्की सांगा.

उपकेंद्रवाली

काका तुमचा अनुभव खूप मोलाचा आहे, मी दोन मुलं झालेल्या जोडप्यांना नक्की सांगेन. पण यांचं अजून पहिलंही बाळ नाही आणि नसबंदी कायमची, त्यामुळे यांच्यापुढे तो शब्दच काढणार नाही, आधीच ती घाबरलीय.

डॉक्टर, मग या जोडप्यासाठी तुम्ही काय सुचवाल?

डॉ_ग्रामीण

मी सुचवणार नाही, तुम्हीही सुचवू नका. त्यांच्या सहा महिन्यांपुढे प्रत्येक पद्धत ठेवून बघा, म्हणजे ते स्वतः निवडतील.

तांबी, साठा सांभाळायचा नाही, विसरायचा प्रश्न नाही. पण पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त रक्त जाऊ शकतं, कळा येऊ शकतात, आणि तेच महिने ती फडात असणार, एचबी ९.२ घेऊन. बसवायला मनाई नाही, पण हे लपवायचं नाही.

अंतरा, दुसरं इंजेक्शन तीन महिन्यांनी म्हणजे ऐन हंगामात. कार्ड दाखवून तिकडच्या सरकारी दवाखान्यात मिळेल, दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालतं, पण खाडा पडणार. आणि सुरुवातीला पाळी कधीही येते, थेंबथेंब जातं, नंतर बंदच होते.

माला-एन, रोज एक. २१ पांढऱ्या गोळ्या आणि ७ लोहाच्या, पाळी वेळेवर येते आणि रक्त कमी जातं, तिच्या एचबीला बरंच. पण रोज म्हणजे रोज. कॅलेंडर नसलेल्या कोपीत सहा महिने सलग हे जमेल का, तिलाच विचारा.

छाया, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. यात हार्मोन नाही. पाळी लांबू शकते, रक्त कमी जाऊ शकतं. कावीळ, लिव्हरचा आजार, पीसीओएस असेल तर नको.

आणि निरोध कुठल्याही पद्धतीसोबत द्याच. बाकी कशानेही आजार अडत नाहीत.

नेहा_पुणे

अरे मला पीसीओएस आहे आणि माझ्या मैत्रिणीने मला छायाच सांगितली होती, साइड इफेक्ट नाही म्हणून, मी दोन महिने घेतेय आणि पाळी ५० दिवस झाले आली नाहीये!! मी बंद करू का? नवरा म्हणतो थांब अजून, तो कधी डॉक्टरकडे सोबत येत नाही ही वेगळीच गोष्ट.

डॉ_ग्रामीण

@नेहा_पुणे आज घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा आणि या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, पीसीओएस आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. तुमची पद्धत त्या तपासून बदलतील, तोवर निरोध वापरा. इथे धाग्यावर यापेक्षा जास्त सांगणं योग्य होणार नाही.

ऊसतोड्याचा_पोरगा

एक प्रश्न, किती भरवशाची हे कसं सांगता? आमच्याकडे टक्केवारी सांगितली तर डोक्यावरून जाते.

निवृत्त_एएनएम

मी हरभरे मांडायचे, शंभर हरभरे ताटात. पण तुमच्या लोकांना तर तयार मापच आहे की हो, कोयता! एक कोयता म्हणजे एक जोडपं. "कारखान्यावर १०० नवे कोयते आले. कुणीच काही वापरलं नाही तर वर्षात ८५ जणींना दिवस जातील. नुसतं सांभाळलं तर २०. निरोध वापरला तर १३. रोजची गोळी घेतली तर ७. तांबी असेल तर एकीलाही कदाचित नाही." आणि लगेच सांगायचं की निरोधाचे १३ हे कधी वापरला कधी नाही वापरला अशांना धरून आहेत, दर वेळी नीट वापरला तर २ वर येतात. मग नवरा सरळ होऊन बसतो, कारण ते त्याच्या हातात आहे.

"सांभाळतो" याचा अर्थ कळला ना @उपकेंद्रवाली? वीर्य पडायच्या आधी नवरा बाजूला होतो. आपल्याकडे बरीच जोडपी ते करतात आणि विचारल्यावर "आमी काई वापरत न्हाई, सांभाळतो" म्हणतात. त्याला हसायचं नाही, चूक म्हणायचं नाही. त्या माणसाने स्वतः काहीतरी जबाबदारी घेतलीय. "बरं करताय, पण ते किती वेळा हुकतं ते सांगते" एवढंच.

निरोध दाखवताना एक सांगते, अंगठ्यावर चढवून दाखवू नको. मॉडेल नसेल तर केळं, आणि तोंडाने स्पष्ट सांग की हे कुठे चढवायचं. हे मी उगाच सांगत नाही, अंगठ्यावर चढवणारी माणसं मी बघितलीत. लाजेपोटी आपण अर्धं वाक्य बोलतो आणि दिवस गेले की बोल बाईला लागतो.

शब्दवेडा

निवृत्त ताई, तुमचं पटलं. माझा "अचूक शब्द" इथे अपुरा पडतोय हे कबूल. पण तांबी "पिशवीत" म्हटल्यावर ती वर चढते, काळजाला लागते असं बायका म्हणतात ते मी माझ्या घरातही ऐकलंय. तिथे अचूक सांगायला नको का?

निवृत्त_एएनएम

सांगायचंच. मी कनवटीचा बटवा काढून उलटा धरायचे. हे बघ, ही पिशवी, तोंड खाली, वर बंद. तांबी आत ठेवली, आता वर कुठून जाईल? वाट खालीच आहे, म्हणून चढत नाही, पडली तर खाली पडते. दोरा दर पाळीनंतर बोटाला लागतो का बघायचा.

कधीच काही होत नाही असं मात्र म्हणायचे नाही. बसवतानाच क्वचित, हजारात एखाद्या वेळी, भिंतीतून आरपार जाऊ शकते, म्हणून शिकलेल्या हातानेच बसवायची आणि महिन्याभराने दाखवायला यायचं. अशी एखादी गोष्ट गावात घडलेली असते, आपण नाकारली की बाकीचं सगळं खोटं वाटतं.

उपकेंद्रवाली

सासूबाईंचं काय करू? त्या परत येणारच.

निवृत्त_एएनएम

आधी त्यांना बसव, चहा दे, हंगाम कसा गेला विचार. मग "वजन-बीपी बघते" म्हणून सुनेला आत घे आणि पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोल. मूल कधी हवंय हे तिला एकटीला विचार, मग नवऱ्याला बोलाव. या पद्धतींसाठी तिची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच.

ऊसतोड्याचा_पोरगा

इथे माझं मत वेगळं आहे. कायद्याने नसेल लागत, पण सहा महिने ती त्याच सासूबरोबर एका कोपीत राहणार. गोळ्यांचं पाकीट कुठे लपवणार? सापडलं की "नवऱ्याला न सांगता औषध घेते" हा आरोप मोठा होतो. मी म्हणेन सासूला पण विश्वासात घ्या.

निवृत्त_एएनएम

तिने हो म्हटलं तर घ्यायचं. तिने नको म्हटलं तर नाही. मी दोन्ही बघितलंय, सासूला सांगितल्याने सुटका झालेली आणि सासूला सांगितल्याने मार बसलेली. यावर आपलं जमणार नाही सर, आणि मला तुमचा मुद्दा खोटा वाटत नाही.

उपकेंद्रवाली

आज ते आले होते. सविस्तर लिहिते, तुमच्याचमुळे झालं.

तिला एकटीला विचारलं, बाळ कधी हवंय. ती म्हणाली उचल फिटू दे, दोन हंगाम. मग म्हणाली सासूला सांगा चालेल, पण "मी मागितलं" असं सांगू नका, "रक्त कमी आहे म्हणून मॅडमनी थांबा म्हटलं" असं सांगा. ते खरंही होतं, म्हणून मी तसंच सांगितलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मंग आदी रगात भरू द्या." लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात, जंताची गोळी दिली.

दोघांना बाकावर शेजारी बसवून शंभर कोयत्यांचा हिशोब सांगितला. नवरा पहिल्यांदा बोलला, "आमी सांभाळतोय की." मी हसले नाही. वीसचा आकडा सांगितला तर तो म्हणाला म्हणजे पाच कोयत्यात एक, हे तर लई झालं. हिशोब त्यानेच केला.

तांबी तिने स्वतः नको म्हटली, फडात जास्त गेलं तर कपडा बदलायला जागा नाही म्हणाली. इंजेक्शनचं सात ते दहा महिन्यांचं ऐकून नवरा नको म्हणाला. माला-एन आणि छाया दोन्ही हातात दिल्या, ती बराच वेळ बघत होती आणि छाया घेतली. कावीळ, पीसीओएस, कुठला जुना आजार, सगळं विचारून घेतलं आणि डॉक्टरांना फोनवर कळवलं.

पाळी आली त्या दिवशी पहिली गोळी घ्यायची होती. तिची मंगळवारी आली, म्हणजे तिचे वार मंगळवार आणि शुक्रवार. मी कागदावर लिहायला लागले तर म्हणाली, लिहू नका मॅडम, दोन्ही देवीचे वार आहेत, मी विसरायची नाही. तीन महिन्यांनी फक्त मंगळवार.

गोळ्यांचा हिशोब असा बसला, सहा महिने म्हणजे २६ आठवडे, पहिले १३ आठवडे दोन-दोन म्हणजे २६ गोळ्या, पुढचे १३ आठवडे एकेक म्हणजे १३, एकूण ३९. पाकिटात आठ असतात, म्हणजे पाच पाकिटं. सहावं जास्तीचं दिलं, पावसात भिजलं किंवा पडलं तर. सोबत निरोध, ७२ तासांचं एक पाकीट आणि दिवस गेलेत का ते घरी तपासायची दोन निश्चय किट.

गोळी राहिली तर काय हे दोनदा सांगितलं. एकदोन दिवस उशीर झाला तर आठवलं की लगेच घ्यायची, पुढचे वार तेच, आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवसांच्या वर गेलं तर आधी किटवर तपासायचं आणि मला फोन, कारण मग पुन्हा पहिल्यापासून आठवड्यातून दोनदा सुरू करावं लागतं.

पाळी लांबू शकते हे पण आधीच सांगितलं, नाहीतर ती तिकडे एकटीच घाबरली असती. पंधरा दिवसांच्या वर लांबली तर किटवर बघायचं.

शेवटी "समजलं का" असं विचारलं नाही, निवृत्त ताईंनी फोनवर शिकवलं तसं विचारलं, घरी जाऊन जावेला काय सांगाल? तिने सगळं बरोबर सांगितलं, फक्त एक चुकलं, तिला वाटलं गोळी फक्त जवळ आल्याच्या दिवशी घ्यायची. बरं झालं विचारलं! परत सांगितलं, जवळ या नका येऊ, वार चुकवायचा नाही.

डॉ_ग्रामीण

ही चूक फार कॉमन आहे, ७२ तासांच्या गोळीशी गोंधळ होतो. दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत दिलीत ना? वेगवेगळी बांधून द्या, शक्यतो एकाला रंगीत दोरा.

मेडिकल_स्टोअर

डॉक्टर, मी त्या दोन केस विचारल्या. एकीला इंजेक्शन बंद करून पाचच महिने झालेत. दुसरी आता चौथ्या महिन्यात आहे, म्हणजे दिवस गेलेत तिला. माझं चुकलं होतं, गिऱ्हाईकांना आता उशीर होतो असंच सांगतो.

उपकेंद्रवाली

धागा वर काढतेय. आज कारखान्यावरून तिचा फोन आला, नवऱ्याच्या मोबाईलवरून. पाळी अठरा दिवस लांबली होती, तिने स्वतःच किटवर बघितलं, एकच रेघ आली. गोळी एकही चुकली नाही म्हणाली. मी सांगितलं गोळ्या चालू ठेव, आठवड्याभरात पाळी आली नाही तर दुसरं किट वापर आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखव.

पण फोन तिने दुसऱ्याच कामासाठी केला होता. तिची जाऊ पण तिथेच आहे, तिचं बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं, आणि तिला पण पाळणा लांबवायचाय. हिने आपल्यातलं जास्तीचं सहावं पाकीट तिला द्यायचं ठरवलंय, द्यायच्या आधी मला विचारलं. स्तनदा मातेला छाया चालते ना?

डॉ_ग्रामीण

चालते, दुधावर परिणाम नाही. माला-एन मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नको. पण पाकीट परस्पर देऊ नका म्हणावं. जावेला कधी कावीळ झाली होती का, ते आधी विचारा. आणि पाळी परत सुरू झालीय का, बाळाला वरचं पाणी-दूध देतात का तेही.

उपकेंद्रवाली

विचारलं. कावीळ झाली होती, बाळंतपणाच्या दोन महिने आधी, दवाखान्यात ॲडमिट होती. आणि बाळाला फडावर ठेवून जातात तेव्हा वरचं दूध देतात.

डॉ_ग्रामीण

मग छाया नको, आणि वरचं दूध सुरू आहे म्हणजे अंगावर पाजतेय म्हणून दिवस जाणार नाहीत या भरवशावरही राहता येणार नाही. कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा, तिची तांबीसाठी तपासणी करतील, कावीळ झालेल्या बाईला ती चालते. तोवर निरोध.

उपकेंद्रवाली

रविवारी बाजाराची सुट्टी असते, तेव्हा जायला सांगते. तिकडच्या सिस्टरचा नंबर आशाताईंकडून घेतलाय, मी आधी बोलून ठेवते म्हणजे जावेला दारात परत पहिल्यापासून सांगायला लागणार नाही.